जन्माष्टमी दोन दिवस का येते?

‘यंदा जन्माष्टमी दोनदा कशी? पंचांगवाल्यांनीच घोळ घातलाय!’

नाही. तिथी एकच आहे, ती कोणत्या क्षणी पाहायची एवढाच फरक आहे. 2023 सालचंच बघा. अष्टमी 6 सप्टेंबरला दुपारी साडेतीननंतर लागली आणि 7 तारखेला चारनंतर संपली. स्मार्तांना, म्हणजे स्मृतिग्रंथांनुसार चालणाऱ्यांना, कृष्णजन्माच्या मध्यरात्री अष्टमी हवी. ती फक्त 6 च्या रात्री होती. वैष्णव सूर्योदयाची तिथी धरतात. 6 च्या सूर्योदयाला सप्तमी होती आणि सप्तमीने विद्ध झालेली, म्हणजे त्याच दिवशी आधी सप्तमी असलेली, अष्टमी ते उपवासाला घेत नाहीत. म्हणून त्यांचा उपवास 7 ला, मध्यरात्री नवमी असूनही. दोन्ही निर्णयांना धर्मशास्त्राचा आधार आहे. एकादशीलाही दिनदर्शिकेत ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ म्हणजे वैष्णव असे दोन दिवस कधीकधी छापलेले दिसतात, तेही आधीच्या तिथीच्या अशाच वेधामुळे.