कवडशातलं ग्रहण: ‘थाप’ म्हणणाऱ्या निरोपाला उत्तर

“आटपाडीकडच्या एका शाळकरी पोराची गोष्ट सगळीकडे फिरतेय. म्हणे त्यानं कागदाला भोक पाडून अख्ख्या वर्गाला सूर्यग्रहण दाखवलं. वाचायला गोड आहे, पण शुद्ध थाप. एक, भोकातून भोकाच्याच आकाराचा उजेड पडतो, सूर्याचं चित्र पडत नाही. दोन, पडलंच तरी मोहरीएवढं, अडतीस पोरांना काय दिसणार? तीन, सूर्य सरकत असतो, तास-दोन तास ते चित्र भिंतीवर धरून कोण ठेवणार? चार, ग्रहणाचं ऊन आरशानं वर्गात घेणं म्हणजे पोरांचे डोळे घालवणं. पुढे पाठवण्याआधी विचार करा.”

गोष्टीतला पोरगा, त्याचा दोस्त आणि गुरुजी ही माणसं काल्पनिकच आहेत. पण गोष्टीतलं ग्रहण खरं आहे. २६ डिसेंबर २०१९, गुरुवार. सांगली जिल्ह्यात सकाळी आठनंतर लगेच सूर्याला कड लागली, साडेनवाच्या थोडं आधी चार पंचमांशाहून अधिक सूर्य झाकला गेला आणि अकराच्या सुमारास ग्रहण सुटलं. पोरानं वापरलेली रीतही खरी आहे, आणि तिचं प्रत्येक माप पट्टीनं तपासता येतं.

पहिल्या आक्षेपाला उत्तर घरातच आहे. कौलाच्या फटीतून जमिनीवर कवडसा पडतो, तो कधी निरखून बघा. फट वेडीवाकडी असते, कधी तिकोनी, कधी नुसती चीर. कवडसा मात्र गोल किंवा लांबट गोल पडतो. तो गोल म्हणजे सूर्याचं चित्र. लांबट दिसतो तो ऊन जमिनीवर तिरपं पडतं म्हणून.

खात्री करायला ग्रहणाची वाट बघायला नको. पोस्टकार्डाला साधारण पाच मिलिमीटरचं तिकोनी भोक पाडा. कार्ड सूर्यासमोर धरा, पाठीमागे पांढरा कागद धरा आणि कागदाकडेच बघा. कागद वीतभर अंतरावर असताना उजेड तिकोनी दिसेल. कुणाला तरी कागद घेऊन मागे मागे जायला सांगा. मीटरभरावर तिकोनाचे कोपरे बोथट होतात आणि तीन मीटरवर स्वच्छ गोल दिसतो, अंदाजे २८ मिलिमीटरचा. निरोप लिहिणाऱ्यानं बहुधा कागद जवळ धरूनच बघितलं असावं. तेवढ्या अंतरावर त्याचं म्हणणं बरोबरच आहे.

असं होतं, कारण सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाहून थोडी जास्त रुंदी असलेली थाळी आहे. थाळीच्या प्रत्येक जागेवरून येणारा किरण भोकातून सरळ पुढे जातो आणि कागदावर आपापल्या वेगळ्या जागी पडतो. वरच्या कडेचा किरण खाली पडतो, खालच्या कडेचा वर. जवळ असताना या जागा एकमेकींवर चढलेल्या असतात म्हणून भोकाचा आकार दिसतो. लांब गेल्यावर त्या पांगतात आणि थाळी उमटते. गोष्टीत गुरुजी पोरानं भोक पाडून केलेल्या खोक्यात डोकावून म्हणतात, “अरे, ग्रहण वरून लागलंय आणि तुझ्या खोक्यात खालून कसं?” हे लेखकानं अचूक टिपलंय. त्या सकाळी चंद्र सूर्याच्या वरच्या अंगानं शिरला होता, म्हणून खोक्यात घास खालून लागलेला दिसायला हवा. नुसता भोकाचा उजेड असता तर त्याला घास लागलाच नसता.

दुसऱ्या आक्षेपात अर्धं तथ्य आहे, आणि गोष्टीनंही ते लपवलेलं नाही. चित्राची रुंदी भोकाच्या आकारावर ठरत नाही, भोकापासून पडद्यापर्यंतच्या अंतरावर ठरते. अंतराला १०८ ने भागा, रुंदी मिळते. जपमाळेतल्या मण्यांचा हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. सूर्य त्याच्या व्यासाच्या जवळपास तेवढ्याच पट लांब आहे, म्हणून हा हिशेब जुळतो. पोराचं पहिलं खोकं बुटाचं होतं, ३० सेंटिमीटरचं. त्यात सूर्य तीन मिलिमीटरहूनही कमी, बाजरीच्या दाण्याएवढा. दुसऱ्यांदा त्यानं दोन लांब खोकी जोडून मीटरभराची नळी केली, तेव्हा हरभऱ्याच्या दाण्याएवढा झाला. तोही एका वेळी एकालाच दिसणार. अडतीस जणांनी पाळीपाळीनं मिनिट मिनिट बघायचं म्हटलं तर एक फेरी व्हायलाच पाऊण तास जाईल आणि ग्रहणाचा मध्य चार-पाच जणांच्याच वाट्याला येईल.

खोकं सोडून त्यानं आरसा घेतला, तिथून त्याची मांडणी वर्गाला पुरेशी झाली. दाढीचा साधा सपाट आरसा. त्याच्या काचेवर वहीच्या पुठ्ठ्याचं झाकण चिकटवलं आणि पुठ्ठ्याच्या मधोमध एक सेंटिमीटरचं भोक ठेवलं. आता उघडा राहिलेला आरशाचा तुकडाच भोकाचं काम करतो, फक्त ऊन सरळ न जाता वळून जातं. वर्गाचं दार पूर्वेला. आरसा अंगणात दारापासून सहा मीटरवर, दारापासून समोरची भिंत आणखी सहा मीटर. बारा मीटर भागिले १०८, म्हणजे अकरा सेंटिमीटर. पुरीएवढा सूर्य भिंतीवरच्या पांढऱ्या कार्डशीटवर पडतो आणि मागच्या रांगेतूनही दिसतो.

इथे दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. एक म्हणजे दाढीच्या आरशाची दुसरी बाजू पुष्कळदा चेहरा मोठा दाखवणारी, खोलगट असते. ती वापरायची नाही. ती ऊन एका जागी गोळा करते, चित्र बिघडतं आणि जवळ काही ठेवलेलं असलं तर भाजूही शकतं. दुसरा घोटाळा भोकाच्या मापाचा. मोठ्या भोकानं चित्र मोठं होत नाही, फक्त उजळ आणि पुसट होतं, कारण चित्राची कड भोकाच्या रुंदीएवढीच पसरते. सुरुवातीला अकरा सेंटिमीटरच्या चित्राला एक सेंटिमीटरची पुसट कड चालून जाते. ग्रहणाच्या मध्याला मात्र सूर्याची जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटरची कोर भिंतीवर उरते. तिला तेवढीच पुसट कड लागली की कोरीची टोकं बोथट होतात आणि केळ्यासारखा धब्बा दिसतो. म्हणून पोरानं पाच मिलिमीटरच्या भोकाचा दुसरा पुठ्ठा तयार ठेवला होता आणि नऊच्या सुमारास तो बदलला. भोकाची रुंदी निम्मी झाली की उजेड चौथाईवर येतो. हा उजेड कमी पडू नये म्हणून गोष्टीत दाराला घोंगडी बांधलीय, मध्ये फक्त पाटीएवढी फट ठेवून. वाचताना हा तपशील निव्वळ गावरान सजावट वाटतो, पण घोंगडी नसती तर मधली कोर भिंतीवर दिसलीच नसती.

आता सूर्य सरकण्याचं. तो तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे भिंतीवरचं चित्र दर दोन-सव्वादोन मिनिटांना आपल्या रुंदीएवढं पुढे जातं. आरसा हातात धरून हे जमत नाही, इथे आक्षेप घेणाऱ्याचं बरोबर आहे. हात एक अंश हलला तर परतलेलं ऊन दोन अंश वळतं, आणि बारा मीटरवर चित्र ४२ सेंटिमीटर उडी मारतं. पोराच्या दोस्तानं घमेल्यात ओली वाळू भरली आणि आरसा तिच्यात खोचला. वाळू जरा दाबली की आरसा झुकतो आणि सोडल्यावर तसाच राहतो. घमेलं खुर्चीवर ठेवलं तर वाऱ्यानं डळमळतं, म्हणून खाली दोन विटा. दोस्त घमेल्याशी, पोरगा भिंतीशी. “वर घे, जरा माझ्याकडं... बास!” असं ओरडत दर दोन मिनिटांनी हलकासा धक्का. चित्र सतत जागेवर राहत नाही. ते कार्डशीटवर एका कडेनं शिरतं, मधून जातं, दुसऱ्या कडेला पोचायच्या आत परत आणायचं. शीट मीटरभर रुंद असेल तर पंधरा मिनिटांत एकदा हलवलं तरी भागतं. सकाळी आठला सूर्य साधारण १२ अंशांवर असतो आणि अकराला ४४ अंशांवर, म्हणून आरशाचा कल हळूहळू वाढवत न्यावा लागतो. वाळू सुकली की आरसा घसरतो, तेव्हा शेजारी तांब्यात पाणी हवं.

आदल्या दिवशी त्याच वेळेला एकदा मांडून बघणं मात्र टाळता येत नाही. चित्र स्वच्छ गोल आलं तर आरसा सपाट आहे. लांबट आलं तर पडदा किंचित तिरका करून बघायचं, तरीही लांबटच राहिलं तर आरशाची काच वाकडी आहे किंवा पुठ्ठा चिकटवताना ती ताणली गेलीय. त्या गोलाभोवती पोरानं पेन्सिलनं वर्तुळ काढून ठेवलं होतं. ग्रहणाच्या दिवशी प्रत्येक वेळी चित्र त्या वर्तुळात आणलं की घास किती वाढला ते सगळ्यांना दिसत होतं. वर्तुळात घास खोक्यासारखा खालूनच लागेल असं नाही. आरशाच्या कोनाप्रमाणे चित्र फिरतं, त्यामुळे बाजू जुळवत बसू नये.

डोळ्यांची काळजी मात्र खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी केलीय. ग्रहणातल्या उन्हात वेगळं काही मिसळलेलं नसतं. धोका सूर्याकडे थेट बघण्यात आहे, आणि ग्रहणात तो वाढतो कारण ऊन मंदावलेलं असल्यानं डोळे दिपत नाहीत, बाहुली मोठी होते आणि माणूस बघत राहतो. डोळ्याच्या पडद्याला भाजल्याची वेदना कळत नाही. भिंतीवरच्या चित्राचा उजेड मात्र उघड्या उन्हाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. कागदावर पडलेल्या उन्हाकडे बघतो तसंच ते बघणं आहे.

धोक्याची जागा आहे ती आरसा आणि भिंत यांच्या मधली. त्या झोतात डोळा आला आणि आरशाकडे नजर गेली, तर दिसतो तो खरा सूर्य. गोष्टीत गुरुजींनी दारापासून भिंतीपर्यंत दोन सुतळ्या ताणून मधली वाट बंद केली, पोरांना दोन्ही बाजूंना दाराकडे पाठ करून बसवलं आणि आरशाच्या दोस्ताला बजावलं की त्यानं फक्त भिंतीकडून येणारा आवाज ऐकायचा, आरशात डोकवायचं नाही. काम नसेल तेव्हा आरशावर टॉवेल. एवढं केल्यावर वर्गात बसणं अंगणात उभं राहण्यापेक्षा सुरक्षित होतं, कारण अंगणात कुणी ना कुणी एक्स-रेची फिल्म किंवा परातीतलं पाणी घेऊन बघतच असतं. ही दोन्ही साधनं उजेड पुरेसा कमी करत नाहीत.

गोष्टीत खरोखर चुकलेली एकच जागा निरोप लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटली. मध्याला ‘वर्गात मिट्ट अंधार झाला’ असं एक वाक्य आहे. चार पंचमांश सूर्य झाकला तरी बाहेर ढगाळ सकाळीएवढा उजेड असतो. वर्ग अंधारला होता तो घोंगडीनं.

पुढचं सोयीचं ग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी आहे. आपल्याकडे ते खंडग्रास दिसेल, तेही दुपारनंतर. पाटण-महाबळेश्वरकडे पावसाचं आभाळ असण्याची शक्यताच जास्त. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात मोकळीक मिळू शकते. मात्र त्या वेळी सूर्य पश्चिमेला कललेला असेल आणि पूर्वेच्या दारासमोर शाळेचीच सावली पडलेली असेल. आरसा त्या सावलीच्या बाहेर, आणखी लांब न्यावा लागेल. भिंतीपासून सोळा मीटरवर गेला तर चित्र पंधरा सेंटिमीटरचं होईल, आणि भोक पाचाऐवजी सात-आठ मिलिमीटरचं ठेवावं लागेल.