थर्टी सेकंद्स, नेक्स्ट!

प्लेसमेंटच्या आदल्या आठवड्यात टीपीओ सरांनी सांगितलं की मार्केटिंग ट्रेनीसाठी कंपनी येतेय, आधी अॅप्टिट्यूड होईल आणि मग पहिल्या राउंडला प्रत्येकाने ३० सेकंदात स्वतःबद्दल बोलायचं. आम्ही सगळे खूश. ३० सेकंद म्हणजे काय, एवढ्या वेळात तर आमच्या हॉस्टेलच्या नळाला पाणीपण येत नाही.

मी त्याच रात्री लिहायला बसलो. नाव, गाव, बारावीचे मार्क, बीकॉमचे मार्क, पप्पांचा जॉब, आई गृहिणी, धाकटी बहीण अकरावी सायन्सला, स्ट्रेंथ, वीकनेस, हॉबी, लाँग टर्म गोल, शॉर्ट टर्म गोल, आणि मध्येच नववीत मिळालेलं वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस (स्पर्धक तिघे होते, पण ते कुठं सांगायचं). सगळं इंग्रजीत आणि सगळं भारी. रूम पार्टनरने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि मी सुरू झालो. माझ्या बहिणीचं सायन्स येईपर्यंतच ३० सेकंद संपले होते. पूर्ण व्हायला लागले १ मिनिट ४० सेकंद. शब्द मोजले तर २१४.

तेव्हा कळलं की माणूस नीट, समोरच्याला समजेल असं बोलला तर मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे शब्द होतात, म्हणजे ३० सेकंदाला ६५-७० धरा. मला १५० शब्द उडवायचे होते. आता शहाणा माणूस काय करेल, तर उडवेल. मी आधी स्पीड वाढवून बघितला. २१४ शब्द ५० सेकंदात बसवले, रूम पार्टनर म्हणाला, "भावा, मधे मधे श्वास घे, शेजारच्या रूममधली पोरं विचारायलीत लिलाव कसला चाललाय."

मग कात्री घेतली. आणि इथेच मी जो गाढवपणा केला तो बहुतेक सगळेच करतात असं आता माझं मत झालंय. मी कापताना लांब वाक्यं आधी कापली. माझ्या २१४ शब्दांत एकच खरी लांब गोष्ट होती, ती म्हणजे उन्हाळ्यातली इंटर्नशिप. दोन महिने एका मसाल्याच्या कंपनीसाठी इचलकरंजीत दुकानं पालथी घातली होती, मे महिन्याच्या उन्हात, ते सांगायला शब्द लागतात. हार्डवर्किंगला एकच शब्द लागतो. टीम प्लेयरला दोन. त्यामुळे ६४ शब्दांचं जे उरलं त्यात हार्डवर्किंग, क्विक लर्नर, टीम प्लेयर, पॉझिटिव्ह अॅटिट्यूड हे चौघे सुखरूप होते आणि अख्ख्या इचलकरंजीचं झालं होतं 'डिड इंटर्नशिप इन रिटेल सर्वे'. पाच शब्द. दोन महिने घाम गाळला त्याचे पाच शब्द.

पण टायमिंग बसलं ना! बरोब्बर ३०. मग पाठांतर. आंघोळ करताना, मेसच्या लाईनीत, झोपेत. घरी फोन करून पप्पांना म्हणून दाखवलं, ते म्हणाले, छान आहे, पण तू नक्की केलंस काय ते कळंना झालंय. मी म्हटलं पप्पा ते कॉर्पोरेट असतं. पप्पा बरं म्हणाले. पप्पांचं बरं हे फार वाईट असतं.

रूम पार्टनरचं वेगळंच. त्याने कुठंतरी वाचलं होतं की आकडा टाका, आकड्याने वजन येतं. म्हणून त्याने टाकलं, इंटर्नशिपमध्ये सेल्स ४० टक्क्यांनी वाढवले. मी विचारलं कशाचे ४० टक्के? तो म्हणाला ओव्हरऑल.

तर तो दिवस. ब्लेझर सीनियरचा, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. ८-८ जणांच्या बॅचेस, ८ खुर्च्या अर्धगोलात, समोर एचआर मॅडम, त्यांच्यासमोर टेबलावर मोबाईलचा टायमर, आणि शेजारी एक मिशीवाले सर, त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेनाच्या शाईचा डाग. हे सर सेल्सचे होते हे त्या डागावरूनच ओळखायला पाहिजे होतं.

माझा नंबर पाचवा. पहिला उठला, 'मायसेल्फ' म्हणाला, हार्डवर्किंग म्हणाला. दुसरी उठली, हार्डवर्किंग आणि क्विक लर्नर. तिसऱ्याला मॅडमनी मध्येच विचारलं की तुम्ही मूळचे कुठले, त्याने सांगितलं, आणि मग त्याला पुढचं आठवेना, म्हणून त्याने परत 'गुड मॉर्निंग' पासून सुरू केलं. पाठांतराचं असंच असतं, ते आरतीसारखं असतं, मध्येच थांबवलं की पहिल्या ओळीवर जावं लागतं. तो अजून गावापर्यंतच पोचला होता तेवढ्यात टायमर वाजला. "थर्टी सेकंद्स, नेक्स्ट."

चौथा रूम पार्टनर. त्याने ४० टक्के सांगितल्याबरोबर मिशीवाल्या सरांनी मान वर केली, आधी ते सीव्हीच्या गठ्ठ्यात बघत होते. मला वाटलं, च्यायला, जमलं याला.

"कशाच्या ४० टक्के?" सर म्हणाले.

"सर, ओव्हरऑल."

"आधी किती होतं?"

शांतता. एसीचा आवाज. "सर... थोडं कमी होतं."

नेक्स्ट.

मी उठलो. तोंड उघडायच्या आधी लक्षात आलं की माझे चारही विशेषणवाले माझ्याआधीच्या चौघांनी वापरून टाकलेत. तरी सुरू केलं, घाबरल्यावर माणूस घाईत बोलतो त्यामुळे ३० सेकंदाचं ते २० मध्येच संपणार असं दिसत होतं, सरांची मान परत गठ्ठ्यात गेली होती, आणि मी क्विक लर्नरवर असताना ते मान न वर करता म्हणाले, "मराठीत सांग रे. तुला दुकानदारांशी बोलायचंय, ते काय इंग्रजीत ऑर्डर देणारेत?"

मॅडमनी टायमर परत शून्यावर आणला. माझ्याकडे मराठी व्हर्जन नव्हतं. म्हणून जे पाठ होतं त्याचंच जागच्या जागी मराठी केलं. "सर, मी कष्टाळू आहे, लवकर शिकणारा आहे, मिळून मिसळून राहणारा आहे, स्वभावाने सकारात्मक..." आणि ऐकता ऐकता माझं मलाच कळलं की हे आत्याने वधू-वर मेळाव्यात भरलेल्या फॉर्मसारखं वाटतंय. इंग्रजीत तेच वाक्य ब्लेझर घालून उभं होतं. मराठीत आल्यावर त्याच्या बाह्या दिसायला लागल्या.

सर म्हणाले, "बरं. पण आपल्याला लग्न जमवायचं नाहीये. केलंस काय ते सांग."

पप्पांचाच प्रश्न होता हा, आठ दिवस उशिरा ऐकू आला.

मग जे बोललो ते पाठ नव्हतं त्यामुळे मला ते जवळजवळ जसंच्या तसं आठवतंय. म्हटलं, "सर, उन्हाळ्यात एका मसाला कंपनीसाठी इचलकरंजीत ६० किराणा दुकानं फिरलो. ४३ दुकानांत पाकिटं सगळ्यात खालच्या फळीवर होती, गिऱ्हाईकाला दिसतच नव्हती. त्यातल्या १२ दुकानांत १० रुपयांच्या पुड्यांची लडी काउंटरवर टांगून बघितली. आधी एका दुकानातून आठवड्याला ७ पुड्या जायच्या, त्या ११ जायला लागल्या. ट्रेनी म्हणून मला हेच काम मोठ्या एरियात करायचंय. गाडी आहे, लायसन्स आहे, थोडी कानडी येते." आणि बसलो. मॅडमचा टायमर वाजलाच नाही, २ सेकंद शिल्लक होते. नंतर मोजले, साठच्या आसपास शब्द.

सरांनी पेन खाली ठेवलं. "७ चे ११ लडीमुळेच झाले कशावरून? तेव्हा सण होता का काही?"

आता हा प्रश्न मला येत होता, कारण कंपनीतल्या आमच्या एरिया मॅनेजरने हेच विचारून माझा पहिला रिपोर्ट परत पाठवला होता. सण नव्हता, पण जूनचा पहिला पाऊस होता, पावसात लोक भजी करतात, भज्यांना मसाला लागतो. म्हणून जिथे लडी टांगली नव्हती अशा दुकानांचाही त्याच आठवड्यांचा खप विचारून आणलेला, तिथे ७ चे ८ झाले होते. म्हणजे एक पुडी पावसाची आणि तीन लडीच्या. तरीपण १२ दुकानं आणि तीन आठवडे यावर फार उड्या मारता येत नाहीत, हेही सांगून टाकलं. सर म्हणाले, "आणि दुकानदार टांगू देतात लडी?" मी म्हटलं, "नाही देत सर. पहिल्या दुकानाच्या काकांनी तर हाकलूनच दिलं होतं, तीन वेळा गेलो, चौथ्या वेळी त्यांचा मुलगा गल्ल्यावर होता." त्यावर सर हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "तुमचे ३० सेकंद्स ४ मिनिटं झालेत."

माझ्यामागून उठलेल्या तिघांनी भराभर आपापली विशेषणं काढून टाकली आणि काय काय केलंय ते सांगायला लागले, एकाने तर गणपती मंडळाची वर्गणी किती गोळा केली ते पावती पुस्तकांच्या संख्येसकट सांगितलं. तो सिलेक्ट झाला. रूम पार्टनर नाही झाला, त्याला मी रात्री वडापाव खायला घातला, तेव्हा बोलता बोलता कळलं की त्याने इंटर्नशिपमध्ये २६ जुन्या गिऱ्हाईकांना फोन करून ९ जणांना परत आणलं होतं. म्हटलं, हे का नाही सांगितलंस? म्हणाला, "९ म्हणजे फार कमी वाटतं रे."

मीही सिलेक्ट झालो. जुलैत जॉइन झालो आणि दुकानं फिरायची पहिलीच बीट मिळाली इचलकरंजी. नवीन कंपनी, नवीन बॅग, गळ्यात आयकार्ड. रस्त्यात गाडीवर बसून नवीन ३० सेकंद तयार केले, कंपनी, प्रॉडक्ट, स्कीम, मार्जिन. पहिल्याच दुकानाच्या पायरीवर चढलो, तेच हाकलून देणारे काका गल्ल्यावर, मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी आत बघून हाक मारली,

"अगं ए, चहा टाक. तो फळ्या मोजणारा परत आलाय."