मॅक्सवेल रिलेशन्स पाठ करायची गरजच नाही

"मॅक्सवेलची चार रिलेशन्स कशी आली ते विचारू नका, चौकोनाची ट्रिक पाठ करा. तशीही ती आयडियल गॅसपुरतीच आहेत, आणि एन्ट्रॉपी मोजायचा मीटर नसतो म्हणून प्रत्यक्षात उपयोग शून्य."

असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर. पाठांतराचं आधी. एकच ओळ लक्षात ठेवा, dU = TdS − PdV. आता F = U − TS घेतलं की dF = −SdT − PdV होतं, म्हणजे F चा T ने डेरिव्हेटिव्ह −S आणि V ने −P. F ही स्टेट फंक्शन आहे म्हणून dF एक्झॅक्ट आहे, आधी T ने मग V ने करा किंवा उलट करा, उत्तर तेच येणार, आणि दोन्ही बाजूंचे मायनस कटले की

(∂S/∂V)_T = (∂P/∂T)_V

झालं, दोन ओळी. ट्रिकमध्ये मुलं हमखास चुकतात ती चिन्हात, इथे चिन्ह आपोआप येतं. पण हे δQ वर करायला जाऊ नका, उष्णता स्टेट फंक्शन नाही. δQ = TdS ला एक्झॅक्ट समजलात तर (∂T/∂V)_S = 0 येईल, म्हणजे उष्णता न देता गॅस पसरवला तरी तो थंड होत नाही, जे उघडच खोटं आहे.

आयडियल गॅसचं म्हणाल तर वर PV = nRT कुठे वापरलं दाखवा बरं! नाहीच वापरलं. आणि मला सगळ्यात आवडणारं उदाहरण तर पाण्याचं आहे. G = U − TS + PV घेतलं की dG = −SdT + VdP होतं, त्यावरून तसंच केलं की (∂S/∂P)_T = −(∂V/∂T)_P मिळतं. 0 ते 4 अंश सेल्सिअसमध्ये पाणी तापवलं की आकसतं, म्हणजे उजवी बाजू पॉझिटिव्ह, म्हणजे तापमान स्थिर ठेवून दाबलं तर एन्ट्रॉपी वाढते! बहुतेक पदार्थांचं बरोब्बर उलटं असतं.

आणि मीटर नाही हे खरंय, पण म्हणूनच तर ही रिलेशन्स लागतात, कारण उजवीकडे फक्त दाब, आकारमान आणि तापमान आहे, ते मोजता येतं. 0 अंशाला पाण्याचा प्रसरण गुणांक साधारण −6.8×10⁻⁵ प्रति केल्विन, एक किलोचं आकारमान 10⁻³ घनमीटर. दाब 10 बारने, म्हणजे 10⁶ पास्कलने वाढवला तर एन्ट्रॉपी सुमारे 0.068 J/K वाढते, 273 ने गुणलं की पाणी साधारण 18.6 ज्यूल उष्णता आत घेतं. उष्णता मिळूच दिली नाही तर ते दाबल्यावर चक्क थंड होतं, साधारण 0.004 अंशाने. आकडा छोटा आहे पण चिन्ह बघा, कुठल्या ट्रिकने ते कळलं असतं?

एक मर्यादा मात्र आहे. बर्फ वितळत असताना आकारमान उडी मारतं, तिथे (∂V/∂T)_P ला अर्थच राहत नाही, मग दोन्ही फेजचे G समान धरून क्लेपेरॉन समीकरण काढावं लागतं. तेही याच dG वरून निघतं.