दहा 'ला' आणि एक पंख

चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकामागची अनुक्रमणिका ज्याला गीत आधीच माहीत आहे त्याच्यासाठी केलेली असते. पहिली ओळ येत असेल तर गीत मिनिटात सापडतं, आणि पहिली ओळ येणाऱ्याला बहुतेक वेळा पुस्तक लागतच नाही. माझ्या आत्याला पहिली ओळ येत नव्हती. तिला कडव्याचा शेवटचा शब्द येत होता, मधला एक शब्द येत होता आणि चाल येत होती. म्हणजे, चाल येते असं तिचं म्हणणं होतं.

आत्याच्या पंच्याहत्तरीची उपकारस्तुती नगरला ठरली होती, आणि त्या उपासनेत तिच्या आईच्या तोंडचं गीत व्हायलाच हवं होतं. "अगं ते नाही का, संध्याकाळचं! शेवटी 'राहा' येतं. आणि त्यात पंख आहेत." एवढ्या भांडवलावर मला कामाला लावून ती पुरणाची डाळ निवडायला बसली.

संध्याकाळ म्हटल्यावर मी उपासना संगीत उघडलं आणि सांजेची गीतं वाचत सुटले. मग महिला मंडळातल्या बायकांना विचारलं. तिथे प्रत्येकीला गीत माहीत होतं आणि प्रत्येकीचं वेगळं होतं. पंख म्हटल्यावर एकीने ठामपणे बायबलातलं स्तोत्र ९१ सांगितलं, 'त्याच्या पंखांखाली तुला आश्रय मिळेल'. पंखांखालच्या आश्रयाची जी जी गीतं सापडली ती मी फोनवर आत्याला म्हणून दाखवली. तिचं उत्तर एकच: "हे नाही. आमच्या पंखांखाली कुणी बसत नाही."

पंख असून त्याखाली कुणी बसत नाही, हा पुरावा मला तेव्हा निरुपयोगी वाटला.

म्हणून शब्द सोडले आणि चाल धरली. मराठी गीतांत पहिला सवाल असतो, चाल देशी की इंग्रजी. रेव्हरंड टिळकांची गीतं अभंग, ओवी, भजन यांच्या वळणाची. ती एक तर येतात किंवा येत नाहीत, पण त्यांचे शब्द बदलत नाहीत, कारण ती मुळातच मराठीत लिहिलेली. घोळ असतो तो इंग्रजी चालीवर बसवलेल्या भाषांतरांचा. अमेरिकन मिशन मुंबईत १८१३ साली आलं, स्कॉटिश त्यामागून, मग आणखी. ज्या मिशनचा दवाखाना, त्याच मिशनचं औषध आणि त्याच मिशनची गाणी. एकाच गीताची दोन-तीन मराठी रूपं होऊन बसली, ती अशी.

आत्याची चाल इंग्रजी आहे हे ओळखायलाही जरा वेळ गेला, कारण ती ती भजनासारखी गायची. सुरांच्या मधल्या सगळ्या मोकळ्या जागा तिने मुरक्यांनी भरून काढल्या होत्या. शेवटी आमच्या चर्चमध्ये बरीच वर्षं ऑर्गन वाजवलेल्या काकांनी उपाय सांगितला. तिला गाऊ द्यायचं, आपण संथपणे टाळी द्यायची, आणि टाळीवर जो सूर येईल तेवढाच लिहायचा. टाळ्यांच्या मधले सगळे सूर आत्याच्या मालकीचे. 'सा' कुठला हे कळण्यासाठी गीत संपेपर्यंत थांबायचं. असं गीत शेवटी जिथे येऊन टेकतं, तो बहुधा 'सा'.

तसं केलं. पहिली ओळ निघाली ती अशी: ग ग रे सा प, ध प प म ग. एकूण दहा सूर. मी आत्याला शब्दांऐवजी नुसतं 'ला ला' म्हणायला लावलं, तर 'ला'ही दहाच आले. आणि ओळ बरोबर सोळा मात्रांत संपत होती.

या दहाच्या आकड्याने माझं निम्मं काम केलं. इंग्रजी गीतांच्या पुस्तकांत मागे एक वृत्तसूची असते. तिच्यात गीतं ओळींच्या लांबीनुसार लावलेली असतात. आठ-सहा-आठ-सहाच्या ओळींची गीतं इतकी, की तिथे शोधणाऱ्याने आशा सोडावी. दहा-दहा-दहा-दहाची त्यामानाने थोडी. भाषांतरकार शब्द बदलेल, प्रतिमा बदलेल, देवाला 'तू' म्हणेल की 'प्रभो' हेही बदलेल. पण गीत त्याच चालीवर गायचं असेल तर ओळीतले दहा उच्चार त्याला मोडता येत नाहीत. फक्त मराठीत मोजताना कागदावरची अक्षरं मोजायची नाहीत. 'जवळ' लिहायला तीन अक्षरी, पण कुणी 'ज-वळ' असं दोनात गातं, तर कुणी 'ज-व-ळा' असं तीनात. मी आधी बायकांनी सांगितलेल्या ओळी कागदावर मोजल्या होत्या. कधी नऊ यायचे, कधी अकरा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की गीतच वेगळं आहे. तोंडाने गाऊन मोजल्यावर भांडण मिटलं.

सूर हाती आल्यावर ते आकड्यांत मांडायचे: सा म्हणजे एक, रे म्हणजे दोन, असं. चालींच्या इंग्रजी सूच्यांमध्ये हीच पद्धत असते, कारण त्यात पट्टी कुठलीही असो, आकडे तेच राहतात. आत्याची ओळ झाली `33215 65543`. असं लिहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. एकावरून एकदम पाचावर उडी आहे, सा वरून थेट प वर. ही उडीच या चालीची ओळख, आणि नेमकी तीच आत्या मारत नव्हती. ती मींड घेऊन सावकाश चढायची, गुडघे दुखणारं माणूस जिना चढतं तशी.

आतेभावाने पेटी काढून ते दहा सूर सरळ, मुरकीबिरकी न घेता वाजवले. आतोबा शेजारी पेपर वाचत होते. ते सैन्यातून निवृत्त झालेत, ऐकू कमी येतं, आणि या सगळ्या प्रकरणात त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "हे बीटिंग रिट्रीटचं आहे. २९ जानेवारी, विजय चौक. २०२२ पासून बंद केलं त्यांनी." आत्या एवढी वर्षं स्वयंपाकघरात हेच गीत गात होती आणि आतोबा दरवर्षी टीव्हीसमोर बसून हीच धून ऐकत होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आत्याचं म्हणणं, "मिलिटरीवाल्यांनी आमचं घेतलं असेल."

म्हणजे 'अबाइड विथ मी'. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट या पाळकाचे, तो १८४७ साली वारला. चाल विल्यम हेन्री मंक याची, १८६१ सालच्या गीतसंग्रहासाठी केलेली. तिचं नाव 'ईव्हनटाइड'. गांधीजींचं आवडतं गीत, आणि ते विजय चौकात वाजत असे.

पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "'सांज' आणि 'राहा' एका दमात सांगितलं असतं तर मी तिथेच ओळखलं असतं." लूक, अध्याय २४, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य अनोळखी वाटसरूला म्हणतात, आमच्याबरोबर राहा, कारण संध्याकाळ होत चालली आहे. गीत उभं आहे ते त्या एका वचनावर. भाषांतरं कितीही झाली तरी ते वचन हलत नाही. शोधणाऱ्याने खरं तर पुस्तकामागची वचनांची सूची आधी उघडावी. ती सूची कुणी उघडत नाही, कारण ती सर्वांत मागे आणि सर्वांत बारीक टाइपात असते.

पहिल्या ओळीने एवढा दगा का द्यावा, हेही तेव्हाच कळलं. इंग्रजी गीत 'राहा'ने सुरू होतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसायला बघतं, त्यामुळे सुरुवातीला कुणी 'प्रभू' घातला, कुणी 'मजपाशी', कुणी 'सांज', आणि एकच गीत तीन पुस्तकांत प, म आणि स अशा तीन घरी जाऊन राहिलं. कडव्याचा शेवट मात्र इंग्रजीतही 'माझ्यापाशी राहा' असाच आणि मराठीतही तसाच. शिवाय मागच्या बाकावरचे लोक जोरात सामील होतात ते शेवटच्या शब्दालाच. आत्याला शेवट आठवत होता तो उगाच नव्हे. शेवटच्या ओळींची अनुक्रमणिका करणारा संपादक अजून जन्माला यायचा आहे.

आता राहिले पंख. छापील मराठी गीतात पंख नव्हते, आणि आत्या मागे हटायला तयार नव्हती. लाइटचं मूळ गीत आठ कडव्यांचं. पुस्तकांत बहुधा पाचच छापतात. गाळलेल्या तिनांपैकी एकात तो म्हणतो, राजांचा राजा म्हणून धाक घेऊन येऊ नकोस, पंखांत आरोग्य घेऊन ये. हे मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून आलं आहे, 'त्याच्या पंखांच्या ठायी आरोग्य असेल'. स्तोत्र ९१ चे पंख निराळे, त्यांच्याखाली बसायचं असतं. आत्याच्या पंखांखाली खरोखरच कुणी बसत नव्हतं. मग सोलापूरच्या मावसबहिणीने आजीच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. जांभळ्या शाईत, सहा कडवी, आणि त्यातल्या एकात पंख.

पाळकसाहेबांची एकच अडचण होती. हे गीत आपल्याकडे जास्त करून अंत्यविधीला म्हणतात, आणि पंच्याहत्तरीला ते घेतलं तर पाहुणे काय समजतील? आत्या म्हणाली, "पाहुण्यांना जेवण बघून कळेल."

उपासनेच्या दिवशी गीत क्रमांक पुकारला गेला. नगरच्या मंडळीने आपलं पुस्तक उघडलं, पुण्याहून आलेल्यांनी आपलं, आणि पुढच्या बाकावर मी मोठ्या अक्षरांत उतरवून दिलेली आजीची वही. तिन्हीकडे ओळी दहाच्या, त्यामुळे कुणीच अडखळलं नाही. तीन वेगवेगळी गीतं एका सुरात सुरू होती आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळे 'राहा'वर भेटत होते. तरुण संघातल्या एका पोराने सोळा मात्रा मोजून ढोलकी धरली होती. ऑर्गनवाल्या काकांनी त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं.

पाच कडवी झाली, 'आमेन' झालं, मंडळी खाली बसली. आत्या उभीच. तिचं पंखांचं कडवं राहिलं होतं. ते तिने एकटीने सुरू केलं, सगळ्या मुरक्यांसकट. काकांना पट्टी सापडेपर्यंत दोन ओळी निघून गेल्या होत्या, पण ढोलकीवाला पोरगा मात्र सम न चुकवता आत शिरला.