मग तुळयाही का वाकवल्या?

"पार्थेनॉनच्या जोत्याचा फुगवटा केवळ पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून."

अथेन्समधल्या या प्राचीन ग्रीक मंदिराबद्दलचं हे स्पष्टीकरण मला पटलं नाही. पाण्यासाठी नुसता उतार पुरला असता. इथे सुमारे ७० मीटरच्या लांब बाजूला मध्यभागी जवळपास ११ सेंटीमीटर उंची आहे, आणि तोच बाक खांबांवरच्या तुळयांतही चढवलाय. तिथे कसला निचरा? त्यासाठी खांबांचे दगड जरा जरा वेगळे घडवावे लागले. एवढी मेहनत डोळ्यासाठीच! जोतं सपाट ठेवलं तर मध्ये खचल्यासारखं दिसतं, हे कारण रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनेच लिहून ठेवलंय.

मी तिथे कोपऱ्यावर खाली वाकून, डोळा पायरीच्या पातळीला आणून पाहिलं. समोरून सरळ भासणारी कड मध्ये स्पष्ट उचललेली दिसली.