सवार्धिक प्रगती

आमच्या खो-खो मंडळात काही लिहायचं निघालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. कारण एवढंच, की मैदानाच्या फाटकावरचा ‘येथे गाड्या लावू नयेत’ हा फलक माझा आहे आणि त्याच्यासमोर आजवर कुणी गाडी लावलेली नाही. (शेजारी लावतात.) त्या भांडवलावर आप्पांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, मला गाठलं. “यंदा एक नवं बक्षीस ठेवलंय. वर्षभरात सगळ्यात जास्त सुधारणा करणाऱ्याला. चषकावर दोन ओळी आणि स्टेजवर वाचायला चार ओळी. तुमच्या डाव्या हातचा मळ!”

पण बक्षीस द्यायचं कुणाला, इथपासून तयारी होती. सर्वोत्कृष्ट खेळाडू कोण, हे मैदानाबाहेरच्या भेळवाल्यालाही ठाऊक असतं. सुधारणा मात्र आज बघून कळत नाही. काल काय होतं, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. बैठकीत एकाचं नाव आलं, तर तो गेल्या हंगामात मंडळातच नव्हता. मग सुधारला तो कशापासून? दुसरा वर्षभरात चांगला चार इंच वाढला होता आणि आता सूर मारला की त्याचा हात आपसूक खांबापाशी पोहोचतो. “ही प्रगती त्याच्या आईच्या स्वयंपाकाची आहे,” असं म्हणून सरांनी त्याला बाद केलं.

शेवटी सरांचीच वही कामी आली. कोण किती वेळ पळालं, कुणी किती गडी टिपले आणि कुणी कुठला फाउल केला, हे ते पेन्सिलीनं टिपून ठेवतात. त्यात आमच्या चौदा वर्षांखालच्या संघातली एक पोर सापडली. गेल्या हंगामात तिच्या नावापुढे पानोपानी एकच शेरा होता : ‘आधी उठली’. खो-खोत मागून पाठीला हात लागून ‘खो’ कानावर पडेपर्यंत बसल्या जागेवरून उठायचं नसतं. उठलं की शिट्टी. मग आक्रमकाला उलट दिशेला जावं लागतं आणि हाताशी आलेला गडी हसत निसटतो. तर ही पोर खो देणाऱ्याची चाहूल लागली की उभी! यंदाच्या पानांवर तो शेरा विरळ होत गेला आणि दिवाळीनंतर दिसेनासाच झाला. एकमतानं नाव ठरलं. एकमत झालं ते तेवढंच.

चषकावर पुरस्काराचं नाव काय घालायचं? ‘सुधारित खेळाडू’ म्हटलं की ती बसच्या वेळापत्रकासारखी वाटते, आणि ‘सुधारलेली खेळाडू’ म्हटलं की आधी कुठल्या गृहात ठेवली होती, असा प्रश्न पडतो. मी ‘सर्वाधिक प्रगती पुरस्कार’ सुचवलं. यात मुलगा-मुलगी असा घोळ नाही, पुढच्या वर्षी तेच चालतं आणि मुख्य म्हणजे पाटीवर मावतं. पाटी होती तीन इंच रुंद आणि एक इंच उंच. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. दोन ओळी फार जवळ घेतल्या की वरच्यांचे पाय खालच्यांच्या डोक्यात. तेव्हा चार ओळींच्या वर जायचं नाही, असं मी ठरवलं : पुरस्कार, मुलीचं नाव, हंगाम, मंडळ. का दिला, हे पाटीवर नको. त्यासाठी स्टेजवरचं मानपत्र आहे. पाटी तिच्या नातवंडांनी वाचायची असते, आणि त्यांना खो आणि फाउल समजावत बसायला आपण तिथे असणार नाही.

एवढ्यात कोषाध्यक्ष देणगीदाराची चिठ्ठी घेऊन आले. चषक देणगीदारांच्या वडिलांच्या स्मरणार्थ होता, आणि ‘कै.’पासून ‘यांजकडून सप्रेम भेट’पर्यंतचा मजकूर एकट्यानंच तीन ओळी खात होता. आप्पांनी त्यावर स्वतःच्या हातानं नमुना काढला. सर्वात वर पुरस्काराचं नाव, त्याखाली ठळक ‘कै.’ आणि वडिलांचं नाव, मग बारीक अक्षरात आमची मुलगी. तो नमुना वाचला की सर्वाधिक प्रगती कैलासवासी झाल्यावर झाली, असाच अर्थ निघत होता. मी देणगीदारांचा मजकूर खाली घेतला, तर ‘कै.’ थेट पोरीच्या नावाला लागून आला. तिच्या आईनं ते पाहिलं असतं तर मंडळाच्याच नावामागे ‘कै.’ लागलं असतं. अखेर देणगीदारांसाठी चषकाच्या बैठकीच्या मागच्या बाजूला स्वतंत्र पाटी करायचं ठरलं. मागची बाजू म्हटल्यावर ते जरा खट्टू झाले. पण तिथे पाचही ओळी मिळतील आणि वडिलांचं हुद्द्यासकट पूर्ण नाव येईल, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

मजकूर मी मोबाइलवर टाइप करून चषकवाल्याला पाठवला. त्याच्या संगणकावरचा फाँट जुन्या वळणाचा होता. त्यात आपला मजकूर नुसता चिकटवला की रफार उडी मारतो आणि वेलांटी शेजारच्या घरी जाते. संध्याकाळी नमुन्याचा फोटो आला : ‘सवार्धिक प्रगती पुरस्कार’. मी तो पाच जणांना दाखवला, पाचही जण “छान!” म्हणाले. डोळा ओळखीचा शब्द पुरा वाचतच नाही, म्हणून असा नमुना शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे, एकेक अक्षर बोट ठेवून तपासावा लागतो. मी चषकवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “काका, कोरल्यावर कळलं असतं तरी चाललं असतं. पाटी वेगळी चिकटवतो ना आपण.” त्याच्या दुकानात अशा किती पाट्या पडून असतील, या विचारानं मी घाबरलो आणि दुकानात जाऊन सगळा मजकूर त्याच्याच फाँटमध्ये समोर बसून टाइप करून घेतला.

आता मानपत्र. आप्पांच्या मसुद्यात ‘खो-खोच्या क्षितिजावरील तेजस्वी तारका’ होती. जिद्द, चिकाटी, मेहनत आणि सातत्य तर होतंच. फक्त पोर कुठे नव्हती. तो मसुदा पतपेढीच्या व्यवस्थापकालाही निवृत्तीच्या दिवशी चालला असता. सरांचा मसुदा म्हणजे पेपरातली सामन्याची बातमी : ‘१.५० मि. संरक्षण व ३ गडी’. आणि त्याची सुरुवात होती, “गेल्या वर्षी संघातली सर्वात कच्ची खेळाडू...”

खरी अडचण हीच होती. आधीचं वाईट सांगितल्याशिवाय सुधारणा दिसत नाही, आणि सांगितलं तर भर मांडवात पोरीची अब्रू जाते. मी ‘कच्ची’ काढलं आणि सवय ठेवली. माणसाला नाव ठेवलं की लागतं, सवयीला ठेवलं तर तोही हसतो. मोठ्यानं वाचायला अर्धं मिनिट लागेल एवढंच लिहिलं :

“गेल्या हंगामात खो मिळण्याआधीच उठायची तिला घाई असायची. यंदा पाठीवर हात पडेपर्यंत थांबायला ती शिकली आणि जिल्हा स्पर्धेत तिचा एकही फाउल झाला नाही. गेल्या वर्षी संरक्षणात ती अर्धं मिनिटही टिकत नसे. यंदा उपांत्य सामन्यात ती १ मिनिट ५० सेकंद पळाली. २०२४-२५ च्या हंगामाचा सर्वाधिक प्रगती पुरस्कार...”

आणि नाव अगदी शेवटी. आप्पांना तारका गेल्याचं दुःख झालं, म्हणून ती स्वागताच्या भाषणात पाहुण्यांना बहाल केली.

समारंभाच्या दिवशी निवेदिकेनं मानपत्र वाचायला घेतलं. पहिलं वाक्य संपलं आणि पुढच्या रांगेतली आमची पोर उठून तरातरा स्टेजकडे निघाली. मागून सरांचा आवाज आला, “अगं थांब! खो मिळायचाय अजून!”