‘अटी लागू’ लिहून मोकळं होता येत नाही

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या फिरत असलेला सल्ला असा: “दुकानदार मित्रांनो, गणपतीच्या डबल पॉइंटच्या जाहिरातीत मुदत आणि अटी मांडत बसू नका. गिऱ्हाईक वाचत नाही, वाचलं तर बिचकतं. खाली बारीक अक्षरात ‘अटी लागू’ टाका, कायद्याने मोकळे. आणि जे पॉइंट बुडतात तो आपला निव्वळ फायदा.”

कुडाळ-कणकवलीकडच्या दुकानांचे फलक आणि मेसेज लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून यावर बोलतो.

गिऱ्हाईक वाचत नाही, हे अर्धं खरं आहे. बारा कलमांची अट कोणीच वाचत नाही, मीही नाही. पण बिलाखाली छापलेला पॉइंटचा आकडा सगळे वाचतात आणि लक्षात ठेवतात. घोटाळा तिथेच होतो. एक बिल घेऊन बघू.

समजा ठाण्याहून आलेल्या चाकरमान्याने १२ सप्टेंबर २०२६ ला, म्हणजे चतुर्थीच्या दोन दिवस आधी, ६,४६० रुपयांची खरेदी केली. मखराचं सामान, मुलांचे कपडे, किराणा. दुकानाचा नियम असा की १०० रुपयांना १ पॉइंट, सणात २, आणि १ पॉइंट म्हणजे १ रुपया. तेल-साखरेवर पॉइंट नाहीत, ती होती १,२०० रुपयांची. राहिले ५,२६०. त्यात पूर्ण शंभर बसतात ५२. म्हणजे नेहमीचे ५२ आणि सणाचे जादा ५२. बिलावर छापून आलं, ‘१०४ पॉइंट’. माणूस खूश, कारण त्याच्या हिशेबी ते १०४ रुपये झाले.

आता फलकावर न लिहिलेल्या अटी बघा. पॉइंट सात दिवसांनी खात्यात जमा होतात, माल परत आला तर घोळ नको म्हणून. जादा पॉइंटची मुदत ४५ दिवस. आणि एका वेळी किमान १०० पॉइंट असल्याशिवाय वापरता येत नाहीत. तिन्ही अटी सुट्या सुट्या पाहिल्या तर वावग्या वाटत नाहीत. एकत्र आल्या की काय होतं?

१९ सप्टेंबरला पॉइंट जमा होतात. गौरी-गणपतीचं विसर्जन आटोपून माणूस परतीच्या गाडीला लागलेला असतो, किंवा लागण्याच्या बेतात. ४५ दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले तर २७ ऑक्टोबरला संपतात, जमा झाल्यापासून मोजले तर ३ नोव्हेंबरला. कुठून मोजायचे ते कुठेच लिहिलेलं नाही, दुकानातल्या दोन पोरांना विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील. पण कसंही मोजा, यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळीला तो गावी आला तरी जादा ५२ गेलेले. उरले नेहमीचे ५२, त्यांची मुदत वर्षभर आहे. मार्चमध्ये शिमग्याला आला, काउंटरवर नंबर सांगितला, तर उत्तर मिळतं, “किमान शंभर लागतात.” म्हणजे जे ५२ जिवंत आहेत तेही त्याला वापरता येत नाहीत. १०४ छापलेल्या बिलाची किंमत शून्य.

“माझे गणपतीतले पॉइंट खंय गेले?” या प्रश्नाला काउंटरवरच्या मुलीकडे उत्तर नसतं. ती संगणकाकडे बोट दाखवते. तिच्या मागे रांग उभी असते, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं.

मुदत लिहिली तर गिऱ्हाईक बिचकतं, हा दुसरा मुद्दा. बिचकतं ते अंधुक मुदतीला. ‘४५ दिवस वैध’ वाचून कोणी कॅलेंडर काढून बसत नाही, फक्त यात काहीतरी आहे एवढं त्याला कळतं. ‘३१ मे पर्यंत’ म्हटलं की तो मनात लगेच जुळवतो, शिमगा आहे, मे महिन्यात मुलांना घेऊन यायचंच आहे, तेव्हा वापरू. कोकणात ही तारीख निवडण्यालाच अर्थ आहे. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये ४५ दिवसांची मुदत चालत असेल, तिथलं गिऱ्हाईक दर शनिवारी येतं. आपलं मोठं गिऱ्हाईक गणपती, शिमगा आणि मे असं येतं. गणपतीचे पॉइंट मे अखेरपर्यंत चालले नाहीत, तर त्या गिऱ्हाइकापुरती योजना फक्त फलकावर असते.

मुदत मुळात असूच नये, असं माझं म्हणणं नाही. पॉइंट म्हणजे दुकानदाराची उधारी आहे. सणाच्या दिवसांत पॉइंट लागू असलेली विक्री २० लाखांची झाली, तर १०० ला २ या दराने ४०,००० रुपयांचं देणं अंगावर येतं. ते कायम डोक्यावर ठेवून कोणालाच धंदा करता येत नाही. तारीख हवीच. पण ती गिऱ्हाइकाच्या येण्याजाण्याशी जुळणारी हवी, आणि ‘दुप्पट’ या शब्दाच्या शेजारी हवी.

फलक लिहायला बसलं की कळतं, दोष बहुतेक वेळा भाषेत नसतो, योजनेत असतो. चार वाक्यांत जी अट सांगता येत नाही ती काढून टाकायची असते. वरच्या उदाहरणात मी मालकाला किमान शंभरची अट काढायला सांगेन आणि जमा होण्याची सात दिवसांची वाटही. माल परत आला तर त्याचे पॉइंट वजा करायचे, एवढंच. मग फलक असा होतो:

गणपतीत दुप्पट पॉइंट, १ ते २५ सप्टेंबर २०२६
नेहमी १०० रुपयांना १ पॉइंट, या दिवसांत २. एक पॉइंट म्हणजे एक रुपया.
तेल आणि साखरेवर पॉइंट नाहीत.
आज मिळालेले पॉइंट उद्यापासून वापरा, कितीही थोडे असले तरी.
जादा पॉइंट ३१ मे २०२७ ला दुकान बंद होईपर्यंत चालतील, मग रद्द होतील. नेहमीचे पॉइंट खरेदीपासून एक वर्ष चालतात.
आधी साठलेले पॉइंट दुप्पट होणार नाहीत.

शेवटचं वाक्य अनेक मालकांना खुपतं. पण ते नसेल, तर जुने ३०० पॉइंट असलेली बाई ‘माझे ६०० झाले’ म्हणून येते, आणि तिचं काहीच चुकलेलं नसतं. आपणच ‘दुप्पट पॉइंट’ एवढंच ओरडलेलो असतो. ‘दुकान बंद होईपर्यंत’ हे शब्दही उगाच नाहीत. काही बिलिंग सॉफ्टवेअर ३० तारखेची रात्र उलटली की पॉइंट उडवतात, म्हणजे ३१ ला सकाळी आलेला माणूस कोरडा परत जातो. छापण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून हे विचारून घ्या.

त्याच फोनवर आणखी एक विचारा. गिऱ्हाइकाने थोडेच पॉइंट वापरले तर आधी कुठले कापले जातात? काही ठिकाणी जे आधी मिळाले ते आधी कापले जातात. मग जुने, वर्षभर चालणारे पॉइंट खर्च होतात आणि मुदत जवळ आलेले जादा पॉइंट पडून बुडतात. ज्यांची मुदत आधी संपते ते आधी कापले गेले पाहिजेत. ही बाब फलकावर लिहायची गरज नाही, यंत्रणेत नीट बसवायची गरज आहे.

आता कायद्याने मोकळं होण्याबद्दल. फसव्या जाहिरातींबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ पासून लागू आहेत, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या आधारे, आणि ती व्यापाऱ्यांनाही लागू आहेत. खालची टीप मूळ दाव्याच्याच भाषेत हवी, त्याच अक्षरांत हवी, ठळक जागी हवी. दाव्यातली महत्त्वाची गोष्ट टीपेत दडवता येत नाही आणि फसवा दावा टीपेने सुधारताही येत नाही. मराठीत मोठ्याने ‘दुप्पट’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत मुदत, हा प्रकार तिथेच अडकतो. नुसत्या ‘अटी लागू’ने तर काहीच सांगितलं जात नाही. शंभर रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात कोण जाणार, असं कोणी म्हणेल. खरं आहे, फार जण नाही जात. ते गपचूप शेजारच्या दुकानात जातात.

बुडालेले पॉइंट म्हणजे निव्वळ फायदा, हा या सल्ल्यातला सगळ्यात आकर्षक भाग. हिशेब करू. ५२ पॉइंट वापरायला माणूस मे महिन्यात आला आणि १,५०० रुपयांची खरेदी केली. मालावर १२ टक्के सुटतात असं धरलं तर १८० रुपये. त्यातून ५२ गेले, १२८ उरले. पॉइंट बुडाले म्हणून तो आलाच नाही, तर वाचले ५२ आणि हुकले १८०. अर्थात तो तसाही येणार होता असेल, तर मात्र ५२ रुपये खरंच खिशातून जातात. सगळे काही पॉइंटसाठी येत नाहीत. म्हणूनच दुप्पट योजना बारा महिने चालवू नये, पण दिलेले पॉइंट बुडवण्यात कमाई नाही. ज्या मोठ्या कंपन्यांना भारतीय लेखा मानक ११५ लागू आहे, त्यांनाही पॉइंटच्या वाट्याची रक्कम विक्रीतून बाजूला काढून देणं म्हणून दाखवावी लागते आणि किती पॉइंट वापरलेच जाणार नाहीत याचा अंदाज आधीच धरावा लागतो. छोट्या दुकानाने एवढं करायची गरज नाही, पण दर महिनाअखेर किती पॉइंट बाहेर आहेत हे वहीत लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आठवणीचा मेसेज मात्र पाठवाच. मराठी मेसेज एका एसएमएसमध्ये ७० चिन्हांत बसवावा लागतो, त्यापुढे दुसऱ्याचे पैसे पडतात. इंग्रजीला १६० मिळतात, आपला काना-मात्रा-अनुस्वार वेगळा मोजला जातो. तरी एवढं बसतं:

तुमचे ५२ बोनस पॉइंट म्हणजे ५२ रुपये. ३१ मे पर्यंत वापरा. नंतर रद्द.

मोकळ्या जागा धरून ६७ होतात. दुकानाचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी नोंदलेल्या खुणेवरून कळतं. ही खूण आणि मजकुराचा साचा दोन्ही दूरसंचार नियमांप्रमाणे आधी नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात, बदलत्या आकड्याची जागा साच्यात मोकळी ठेवून. ते काम गणपतीतच उरका. मेसेज मेच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे, लोक गावात असताना. ३० मेला पाठवलात तर तो ठाण्यात वाचला जाईल.